गोठ्याची खतावणी आणि पुढच्या तारखेचा रकाना

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. या काळात उधारी बुडालेली पाहिली, भागीदारी मोडलेली पाहिली. दुकान तोट्यात गेले की लोक मंदीला दोष देतात. आमचा अनुभव असा की निम्म्या वेळा दोष वहीचा असतो. माल गेला ते लिहिलेले असते, पैसे कधी यायचे ते लिहिलेले नसते. गुराढोरांच्या धंद्यातही नेमके हेच घडते, हे आम्हाला उशिरा कळले, आणि त्यासाठी पैसेही मोजावे लागले. आपल्या समाजातील बरेच लोक आज चार-सहा म्हशींचा गोठा जोडधंदा म्हणून करतात. काही जण स्वतः राबत नाहीत, नात्यातल्या माणसाला भांडवल देऊन निम्म्या नफ्यावर गोठा चालवतात. त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहोत.

२०२१ मध्ये आम्ही भाच्याबरोबर शराकत केली. गोरेगाव तालुक्यात त्याचे घर आणि थोडी धानाची शेती आहे. तणस घरचे, मेहनत त्याची, म्हशी आमच्या पैशाच्या. सहा म्हशी घेतल्या. दूध गावात आणि गोंदियाच्या एका मिठाईवाल्याकडे जायचे. दुधाचा हिसाब चोख होता. रोज किती लिटर आणि कोणाकडे किती बाकी, सगळे लिहिलेले. म्हशींचा हिसाब मात्र भाच्याच्या डोक्यात होता.

मोरीचे वर्ष

मोरी नावाची म्हैस त्यातली चांगली दुधाची. २०२३ च्या मार्चमध्ये भाच्याने तिचे दूध काढणे बंद केले. विचारले तर म्हणाला, "मामू, बकरी ईदच्या आसपास भरली होती. आता दोन महिन्यांत विणार. आटवायला नको का?" बोलणे बरोबर होते. विण्याआधी साठ दिवस म्हैस आटवावी लागते, म्हणजे कासेला विश्रांती मिळते आणि पुढच्या वेताचे दूध टिकते. आम्ही गप्प बसलो.

मे उजाडला, मोरी व्याली नाही. मे संपला तरी नाही. जूनच्या मध्यावर डॉक्टरांना बोलावले. त्यांनी हात घालून तपासले आणि म्हणाले, "पोटात काही नाही. गाभण कधी होती, हे तरी कोण सांगतो?" कोणीच सांगू शकले नाही. रेतन झाल्यावर म्हैस पुन्हा माजावर दिसली नाही, एवढ्यावर ती गाभण धरली गेली होती. अकरा महिने तिला चारा-पेंड घातली. त्यातले शेवटचे तीन महिने तर ती देत असलेले तीन-चार लिटर दूधही आपल्याच हाताने बंद केले होते.

त्या रात्री घरात बोलाचाली झाली. आमची बहीण एका बाजूला, आम्ही दुसऱ्या. भाच्याला वाटले, मामू चोरीचा आळ घेतात. आम्हाला वाटले, पोरगा लपवतो. खरे तर दोघांकडेही कागद नव्हता. कागद नसला की धंद्यातला प्रश्न नात्यात शिरतो.

दुसऱ्या दिवशी शांतपणे हिसाब मांडला तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. बकरी ईद २०२२ मध्ये १० जुलैला होती आणि २०२३ मध्ये २९ जूनला. चांद्रवर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असते. म्हैस ३१० दिवस गाभण राहते, म्हणजे एका वर्षाला पंचावन्न दिवस कमी. भाच्याने येणाऱ्या ईदेच्या पंचावन्न दिवस आधीची, ५ मेची, तारीख धरली होती. १० जुलैपासून मोजले तर ती १६ मे येते. ती गाभण असती तरी हिसाब अकरा दिवसांनी चुकलाच असता. शिवाय "आसपास" म्हणजे ईदेच्या आधी की नंतर, ते वेगळेच. आपल्या घरात जन्म, लग्न, वास्ता सगळे रमजान-ईदेच्या खुणेने लक्षात ठेवले जाते. माणसांसाठी ते ठीक आहे. म्हशीची तारीख मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरचीच हवी.

दोन वह्या

ऑगस्ट २०२३ मध्ये आम्ही दुकानातून दोन लांब वह्या घेऊन गेलो. पशुपालनाच्या छापील नोंदवह्या आम्ही पाहिल्या होत्या. त्यात वीस-पंचवीस रकाने असतात. ते भरायला बसले की महिनाभरात माणूस कंटाळतो आणि वही तणसाच्या गंजीवर पडते. आम्ही आपली व्यापाऱ्याची जुनी रीत धरली : एक रोजमेळ, एक खतावणी.

रोजमेळ गोठ्यात खिळ्याला टांगलेला. त्याला दोरीने शिसपेन्सिल बांधलेली, कारण ओल्या हाताने शाईची अक्षरे पसरतात. घडले की लगेच एक ओळ : तारीख, म्हशीचा क्रमांक, काय दिसले किंवा काय केले, कोणी पाहिले. बस. सकाळी धार काढणारा गडी असो की भाचा, ज्याने पाहिले त्याने लिहायचे.

खतावणी घरात. तिच्यात प्रत्येक म्हशीला एक पान, जसे प्रत्येक गिऱ्हाइकाचे खाते. दर शुक्रवारी रोजमेळातल्या ओळी ज्या-त्या पानावर उतरवायच्या. सहा म्हशींना पंधरा मिनिटे लागतात.

पानाच्या डोक्यावर ओळख. याला लोक हलके समजतात, पण पहिली चूक इथेच होते. आमच्याकडे दोन म्हशींना "काळी" म्हणत. एकीला टोचलेले इंजेक्शन दुसरीच्या नावावर सांगितले गेले होते. आता प्रत्येकीला एक ते सहा असा आपला क्रमांक आहे. त्यापुढे नाव, शिंगांचा आकार, कपाळावर किंवा शेपटीच्या गोंड्यावर पांढरे असेल तर ते, कितवे वेत, कधी आणि कितीला घेतली, आणि कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्रीला आणि सरकारी दवाखान्याच्या सेवेला अडचण येते, म्हणून तो क्रमांक पूर्ण लिहावा. रोजच्या कामात शेवटचे चार आकडे पुरतात. बिल्ला खुंट्यात अडकून तुटतोही. नवा मारला तर जुना क्रमांक खोडू नका, त्याच्याखाली तारीख घालून नवा लिहा.

काही जण म्हणतील, सरकारच्या यंत्रणेत बिल्ल्यावर नोंद होतेच, मग आपली वही कशाला? तिथे लस आणि डॉक्टरने केलेले रेतन चढते. पहाटे पाच वाजता तुमची म्हैस ओरडत होती, हे तिथे कोण चढवणार? माजाची नोंद फक्त गोठ्यातल्या माणसाचीच असते.

लिपीबद्दलही एक सांगतो. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. दुकानातली खाजगी टिपणे आजही उर्दूतच होतात. भाच्याने पहिले पान तसेच उर्दूत लिहिले होते. आम्ही ते बदलायला लावले. डॉक्टर मराठी वाचतात, धार काढणारा गडीही मराठी वाचतो. ज्याला उपचार करायचा आहे त्याला वाचता आली नाही तर ती वही म्हणजे कुलूपबंद तिजोरी. मजकूर मराठीत, तारखा आकड्यात.

पुढची तारीख

आता मुख्य मुद्दा. उधारीच्या खात्यात माल गेल्याची तारीख एका बाजूला आणि वसुलीची मुदत दुसऱ्या बाजूला असते. मुदत नसलेले खाते म्हणजे दान. गोठ्याच्या खतावणीतही प्रत्येक नोंदीसमोर "पुढे काय पाहायचे, कोणत्या तारखेला" असा एक रकाना हवा. झालेल्या गोष्टी नुसत्या लिहिल्या तर ती आठवणींची वही होते. पुढची तारीख लिहिली की ती धंद्याची वही होते. आमचे मत असे की इतर सगळे रकाने गेले तरी चालतील, हा जाऊ नये.

हा रकाना भरायला चार आकडे पुरतात. माज दर २१ दिवसांनी येतो, १८ ते २४ दिवसांत कधीही. रेतन झाल्यावर साठ दिवसांनी गाभण तपासणी. रेतनापासून ३१० दिवसांनी म्हैस विते, गाय असेल तर २८० दिवसांच्या आसपास. आणि विण्याच्या तारखेआधी ६० दिवसांवर आटवणे. दरवर्षी आम्ही दुकानाचे कॅलेंडर गिऱ्हाइकांना वाटतो. त्यातलेच एक गोठ्यात लावले आणि त्या-त्या तारखेवर फक्त म्हशीचा क्रमांक लिहायला सांगितले.

तीन नंबरच्या चांदीचे पान समोर ठेवून सांगतो, म्हणजे समजेल.

चांदी १२ सप्टेंबर २०२३ ला व्याली. नोंद अशी : पारडी, सहज व्याली, वार सहा तासांत पडली. वार किती वेळात पडली हे लिहिणे जरुरीचे आहे. बारा तासांच्या वर अडकली तर डॉक्टरला बोलवावे आणि ते पानावर राहावे, कारण तीन महिन्यांनी म्हैस वारंवार उलटू लागली तर कारण बहुधा याच ओळीत सापडते.

२ नोव्हेंबरला, म्हणजे एक्कावन्नाव्या दिवशी, पहिला माज दिसला. विल्यावर दोन महिने पिशवीला सावरायला द्यावेत, म्हणून भरवली नाही. पण पुढची तारीख लिहिली : २३ नोव्हेंबर. पूर्वी हा माज कोणी लिहिलाच नसता. "आता भरवायची नाही, मग लिहायचे कशाला?" असेच सगळे म्हणतात. अहो, पुढचा माज कधी शोधायचा हे याच माजावरून कळते.

२३ नोव्हेंबरच्या आसपास काही दिसले नाही. भाच्याने तसेच लिहिले : "पाहिले, दिसले नाही." हे तीन शब्द मोलाचे आहेत. कोरी जागा सोडली तर माज आला नाही की पाहिलेच नाही, हे नंतर कळत नाही.

१४ डिसेंबरला पहाटे चांदी ओरडली, दूध कमी दिले, बसली तेव्हा स्वच्छ काचेसारखा सोट पडलेला दिसला. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी रेतन, हा नियम. संध्याकाळी रेतन झाले. नळीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो, तो वहीत उतरवला. या रेतनातून होणारी पारडी तीन वर्षांनी भरवायची होईल तेव्हा तिच्या बापाचीच नळी तिला वापरली जाऊ नये, यासाठी तो क्रमांक लागतो.

पुढची तारीख ४ जानेवारी २०२४. त्या आठवड्यात भाच्याच्या घरी लग्न होते. रोजमेळात १ ते ७ जानेवारी काहीच नाही, "पाहिले" सुद्धा नाही. २५ जानेवारीला चांदी उघड माजावर आली. मधले अंतर ४२ दिवस, एकवीसच्या बरोबर दुप्पट. डॉक्टरांनी पान पाहिले आणि म्हणाले, "ही डिसेंबरमध्ये राहिलीच नव्हती. चार जानेवारीचा माज तुम्ही पाहिला नाही." अंतर तीस-पस्तीस दिवसांचे असते तर गर्भ राहून गळाला असावा अशी शंका धरून त्यांनी वेगळी तपासणी केली असती. दहा-बारा दिवसांचे असते तर एखादा माज चुकीचा ओळखला किंवा अंडाशयात बिघाड आहे असे धरले असते. तारखांमधले अंतर डॉक्टरला असे बोलते, पण तारखा असतील तर. तरी ही खात्री नव्हे, अंदाज आहे. खात्री तपासणीनेच होते.

२५ जानेवारीला रेतन. १५ फेब्रुवारी : पाहिले, दिसले नाही. ७ मार्च : पाहिले, दिसले नाही. इथेच मोरीच्या वेळी सगळे थांबले होते. म्हशीचा माज बऱ्याचदा मुका असतो, रात्रीचा असतो, आणि आपल्या भागातल्या उन्हाळ्यात तर तो आणखी लपतो. म्हणून न दिसणे हा गाभण असल्याचा पुरावा नव्हे. पुढच्या रकान्यात २५ मार्च, तपासणी, असे लिहिलेले होते. डॉक्टर ३० मार्चला आले, हात घातला, "गाभण" म्हणून सांगितले. तेव्हाच विण्याची तारीख पक्की लिहिली : ३० नोव्हेंबर. आटवण्याची : १ ऑक्टोबर. चांदी २७ नोव्हेंबरला व्याली, तीन दिवस आधी. तेवढा फरक राहतोच.

दोन वेतांमधले अंतर चौदा महिने आणि काही दिवस पडले. त्यातले एकवीस दिवस लग्नाच्या आठवड्यात गेले, हे पानावर स्पष्ट दिसते. कोणाला दोष न देता दिसते, हे महत्त्वाचे. त्यानंतर घरात लग्नकार्य असले की शेजारच्या मुलाला दोन वेळ वीस-वीस मिनिटे गोठ्यात उभे राहण्याचे पैसे दिले जातात.

औषधाची ओळ

उपचाराच्या नोंदीतही पुढची तारीखच कामाची. २०२४ च्या पावसाळ्यात मिठाईवाल्याचा निरोप आला, "तुमच्या दुधाचे दही लागत नाही." आधी वाटले, पैसे कापायचा बहाणा. रोजमेळ उघडला तर पाच नंबरच्या सडात दोन दिवसांपूर्वी औषधाची नळी सोडलेली. कासेला दगडी झाली होती. प्रतिजैविकाचा अंश दुधात उतरला की विरजणाचे जंतूच मरतात. दूध बंद ठेवण्याची मुदत औषधाच्या वेष्टनावर छापलेली असते. ती कोणी वहीत घेतली नव्हती आणि पाच नंबरचे दूध सगळ्यात मिसळले गेले. त्या दिवसाचे पैसे आम्ही घेतले नाहीत. ज्या दुधात औषध आहे ते न सांगता विकणे म्हणजे फाटका ताका घडीत दाबून विकण्यासारखेच आहे.

आता उपचाराची ओळ अशी : क्रमांक, आजार, कोणता सड, औषधाचे नाव, शेवटचा डोस कधी, आणि "दूध या तारखेपर्यंत वेगळे". त्या म्हशीच्या खुंट्याला लाल चिंधी बांधतात. चिंध्यांची आमच्याकडे कमतरता नाही. वहीचा दुसरा फायदा पुढे दिसला. त्याच म्हशीचा तोच सड तिसऱ्यांदा बिघडल्याचे पानावर दिसले, तेव्हा नळ्यांवर खर्च थांबवून तो सड आटवायचा सल्ला डॉक्टरांनी दिला.

वहीची परीक्षा

भांडवल घालणाऱ्या बंधूंसाठी शेवटी एक व्यापारी सूचना. वही आहे म्हणून खुश होऊ नका, ती वाचा. जमाखर्च एका बैठकीत रचलेला आहे की रोज लिहिलेला, हे जुना व्यापारी पाहताच ओळखतो. इथेही तसेच. सगळ्या ओळी एकाच पेन्सिलीच्या, एकाच हाताच्या, सगळे माज बरोबर एकवीस-एकवीस दिवसांनी, आणि "दिसले नाही" अशी एकही ओळ नाही, तर ती वही तुम्ही येणार म्हणून आदल्या रात्री लिहिलेली आहे. खऱ्या वहीत एकोणीस असतात, तेवीस असतात, शेणाचे बोट उमटलेले असते.

आणि वहीकडून भलती अपेक्षा करू नका. ती म्हैस गाभण करत नाही. नियमित माज येऊनही तीन रेतने वाया गेली तर वही फक्त सांगते, आता चौथे रेतन नको, आधी डॉक्टर हवा. विल्यावर तीन महिने माजच नाही, तर तेही तीच सांगते. काय करायचे ते डॉक्टरने ठरवायचे, आणि खाण्यात काय कमी आहे ते आपण पाहायचे. नुसत्या तणसावर म्हैस माजावर येत नाही, मग वही कितीही सुबक असो.

मोरी आम्ही विकली. बाजारात नेताना भाच्याने विचारले, "मामू, वर्षभर रिकामी होती हे सांगायचे का?" आम्ही तिचे पान फाडून घेणाऱ्याच्या हातात दिले. ऑगस्टपासूनचे दोन माज आणि एक रेतन त्यावर होते, आणि पुढच्या रकान्यात तपासणीची तारीख. भाव थोडा कमी मिळाला. तोच माणूस पुढच्या वर्षी पुन्हा आला आणि पारडीचा सौदा करताना त्याने पहिली गोष्ट मागितली ती तिचे पान.